रिटर्न भरण्याआधी एआयएसशी आपली वही कशी जुळवायची? एका केटरिंग व्यवसायाचं पूर्ण उदाहरण

व्हिडिओमध्ये आपण पोर्टलवर जाऊन एआयएस उघडून पाहिलं. इथे तेच काम आकडे घेऊन, सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत करू. जवळ वही आणि पेन ठेवा. आपलं स्वतःचं एआयएस डाउनलोड केलं असेल तर तेही समोर ठेवा.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, हे तुमच्या उत्पन्नाचं पत्रक नाही. तुमच्या पॅनवर बँकेने, कंपनीने, म्युच्युअल फंडाने, रजिस्ट्रार ऑफिसने सरकारला जे कळवलं त्याची ती यादी आहे. म्हणजे दुसऱ्यांनी तुमच्याबद्दल लिहिलेली वही. ती काही ठिकाणी कमी असते, काही ठिकाणी जास्त. जिथे ती कमी आहे तिथे आपली वही धरायची, आणि जिथे जास्त आहे तिथे आपल्याकडे कागद हवा. आजच्या धड्याचा गाभा एवढाच.

उदाहरण कोणाचं?

समजा, नाशिकच्या सुनंदाताई घरून डबे आणि केटरिंगचा व्यवसाय करतात. जीएसटी नोंदणी नाही, कारण उलाढाल २० लाखांच्या आत आहे. रिटर्न आयटीआर-४ मध्ये, कलम ४४एडी खाली, नव्या करप्रणालीत भरतात. वर्ष घेऊ आर्थिक वर्ष २०२४-२५, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२५-२६.

मर्यादा आणि कलमं खाली दिली आहेत ती त्या वर्षाची आहेत. तुम्ही ज्या वर्षाचं रिटर्न भरताय त्या वर्षाचे आकडे तपासून घ्या. उदाहरणार्थ, बँकेच्या एफडी व्याजावर टीडीएस कापण्याची मर्यादा तेव्हा ४०,००० रुपये होती, ती १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली (ज्येष्ठ नागरिकांसाठी मर्यादा वेगळी). आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. जुळवण्याची पद्धत मात्र तीच राहते.

पायरी १: एआयएस उघडण्याआधी आपली बेरीज

बरेच जण इथेच उलटं करतात. आधी एआयएस उघडतात आणि त्यातला आकडा आपला मानतात. तसं करू नका. आधी बिलबुक आणि बँक पासबुक घेऊन बसा. सुनंदाताईंच्या वहीत वर्षभराचं हे निघालं:

- सातपूर एमआयडीसीतली एक कंपनी: दरमहा ५०,००० ची १२ बिलं, एकूण ₹६,००,०००
- एक भागीदारी फर्म: दरमहा १५,००० ची १२ बिलं, एकूण ₹१,८०,०००
- घरगुती डबे: यूपीआयने ₹३,००,००० आणि रोख ₹१,२०,०००, एकूण ₹४,२०,०००

एकूण उलाढाल ₹१२,००,०००. सगळा खर्च वजा जाता खरा नफा ₹३,६०,०००.

४४एडी मध्ये डिजिटल जमेवर किमान ६ टक्के आणि रोख जमेवर किमान ८ टक्के नफा दाखवावा लागतो. सुनंदाताईंचा किमान आकडा ६४,८०० अधिक ९,६००, म्हणजे ७४,४०० येतो. पण हा किमान आहे, सूट नाही. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. म्हणून त्या ३,६०,००० दाखवणार.

याशिवाय एका बँकेत त्यांची साधारण साडेसहा लाखांची एफडी आहे आणि एक बचत खातं आहे.

पायरी २: एआयएस, टीआयएस आणि २६एएस खाली उतरवा

`incometax.gov.in` वर लॉगिन केल्यावर वरच्या मेनूत `AIS` दिसतं. आर्थिक वर्ष नीट निवडा. इथे `2024-25` हवं. पीडीएफला पासवर्ड असतो: छोट्या अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये जागा न सोडता. म्हणजे असं:

```
abcde1234f15081985
```

तिथेच टीआयएस मिळतं. तो एआयएसचा सारांश, एकेका प्रकारचा एकच आकडा. रिटर्नमध्ये आधीच भरून येणारे आकडे बऱ्याच अंशी इथून येतात.

तिसरा कागद फॉर्म २६एएस. तो `e-File` च्या मेनूत `Income Tax Returns` खाली `View Form 26AS` मध्ये मिळतो. टीडीएसच्या आकड्यात एआयएस आणि २६एएस यांत फरक दिसला तर २६एएस धरायचं.

घाई मात्र नको. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र भरायची मुदत ३१ मे असते. बँकाही व्याजाची वार्षिक माहिती ३१ मे पर्यंत देतात. त्यामुळे मेमध्ये काढलेलं एआयएस अर्धवट असू शकतं. जुळवणीला जूनच्या मध्यानंतर बसा.

सुनंदाताईंच्या एआयएसमध्ये हे दिसलं:

| नोंद | रक्कम | टीडीएस |
|---|---|---|
| कंपनी, कलम १९४सी | ₹७,००,००० | ₹७,००० |
| एफडी व्याज, कलम १९४ए (टीडीएस भागात) | ₹४६,००० | ₹४,६०० |
| एफडी व्याज, तीच बँक (एसएफटी भागात) | ₹४६,००० | – |
| बचत खात्याचं व्याज | ₹३,२०० | – |
| एफडी व्याज, दुसरी बँक | ₹२१,००० | – |

आता प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारायचे. हे उत्पन्न आहे का? माझं आहे का? याच वर्षाचं आहे का? आणि दोनदा तर मोजलं जात नाही ना?

पायरी ३: ग्राहकांच्या नोंदी

*कंपनीचे एक लाख जास्त का?*

वहीत ६ लाख, एआयएसमध्ये ७ लाख. बँक पासबुक पाहिल्यावर कळलं की २४ मार्च २०२५ ला कंपनीने एप्रिलमधल्या वार्षिक कार्यक्रमासाठी १ लाख ॲडव्हान्स दिला होता. ९९,००० खात्यात आले, १,००० टीडीएस कापला गेला. टीडीएसचा नियम असा की रक्कम खात्यात नोंदवली किंवा दिली, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा. म्हणजे कंपनीने काहीच चुकीचं केलेलं नाही. जेवण मात्र एप्रिलमध्ये वाढलं गेलं आणि बिलही एप्रिलमध्येच झालं, म्हणून ते उत्पन्न पुढच्या वर्षाचं.

इथे दोन मोह होतात. एक, 'जाऊ दे, ७ लाखच दाखवू'. मग पुढच्या वर्षी बिल करताना तेच एक लाख पुन्हा मोजले जातात. दुसरा, उलाढाल ६ लाख धरायची पण टीडीएस मात्र पूर्ण ७,००० मागायचा. तेही बरोबर नाही. नियम ३७बीए प्रमाणे ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी त्यावरच्या टीडीएसचं क्रेडिट मिळतं.

आयटीआर-४ च्या टीडीएस तक्त्यात यासाठी जागा आहे. सुनंदाताई असं भरतील: कापलेला टीडीएस ७,०००, या वर्षी मागितलेला ६,०००, त्याविरुद्ध दाखवलेली रक्कम ६,००,०००, पुढे नेलेला १,०००. पुढच्या वर्षी कार्यक्रमाचं पूर्ण बिल उलाढालीत धरायचं आणि हे १,००० मागील शिल्लक म्हणून मागायचे. ॲडव्हान्सची पावती, कंपनीची ऑर्डर आणि एप्रिलचं बिल एकत्र टाचून ठेवा.

*फर्मची नोंदच नाही!*

ही गोष्ट जास्त त्रासाची. फर्मने वर्षभर दर बिलातून १ टक्का कापला. १,८०,००० ची बिलं, हातात आले १,७८,२००. पण एआयएसमध्येही आणि २६एएसमध्येही फर्मचं नावच नाही.

कारणं साधारण तीन असतात. फर्मने टीडीएस कापला पण सरकारकडे भरलाच नाही. किंवा पैसे भरले पण २६क्यू हे तिमाही विवरणपत्र दिलं नाही. किंवा विवरणपत्र दिलं पण त्यात तुमचा पॅन चुकला, मग तुमचे पैसे भलत्याच माणसाच्या नावावर दिसतात. कुठलं कारण आहे हे ओळखायला फर्मकडे फॉर्म १६ए मागा. सही-शिक्क्याचा साधा कागद चालत नाही, ट्रेसेस पोर्टलवरून निघालेलाच हवा. तो देता येत नाही म्हटले तर समजा विवरणपत्राचंच काहीतरी अडलंय. तो मिळाला तर त्यावरचा पॅन अक्षर-अक्षर तपासा.

फर्मच्या अकाउंटंटला फोनवर बोललात तरी नंतर लेखी पाठवा. असं काहीसं:

"नमस्कार सर, आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये माझ्या १२ बिलांवर (एकूण ₹१,८०,०००) आपण ₹१,८०० टीडीएस कापला आहे. तो माझ्या २६एएसमध्ये दिसत नाही. माझा पॅन सोबत देत आहे. २६क्यूमध्ये हाच पॅन आहे का ते कृपया पाहावं, आणि फरक असल्यास दुरुस्ती विवरणपत्र भरून फॉर्म १६ए द्यावा. बिलांची यादी जोडली आहे."

एआयएसमधल्या फीडबॅकचा इथे उपयोग नाही. जी ओळच नाही तिच्यावर फीडबॅक कसा देणार? आणि टीडीएसची नोंद दुरुस्त करायचा अधिकार कापणाऱ्यालाच असतो.

मुदत आली तरी नोंद नाही आली तर? उलाढालीत पूर्ण १,८०,००० धरायचे, हातात आलेले १,७८,२०० नाही. टीडीएस हा तुमच्या उत्पन्नातूनच भरलेला कर आहे. १,८०० मागितले आणि २६एएसमध्ये नोंद नसेल तर रिटर्न प्रोसेस होताना ते क्रेडिट नाकारलं जाईल. अशा वेळी कलम २०५ तुमच्या बाजूने आहे: जो कर तुमच्याकडून कापला गेलाय तो तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. पण त्यासाठी कापल्याचा पुरावा लागतो, म्हणजे बिल, बँकेतली निव्वळ जमा आणि फर्मकडून खात्याचा सहीचा उतारा. आणि हे संरक्षण वसुलीपासून आहे. तुमचा करच शून्य असेल आणि परतावा हवा असेल, तर प्रत्यक्षात फर्मची नोंद आल्याशिवाय पैसे हाती येणं अवघड.

सुनंदाताईंनी या रकमेशिवाय रिटर्न भरायचं ठरवलं. फर्मने दुरुस्ती केली की सुधारित रिटर्न भरून १,८०० मागता येतील. या वर्षासाठी ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. म्हणून पाठपुरावा रिटर्न भरून झाल्यावर सोडायचा नाही.

*आणि घरगुती डब्यांचे ४ लाख २० हजार?*

ते एआयएसमध्ये कुठेच नाहीत. असणारही नाहीत, कारण घरगुती ग्राहक टीडीएस कापत नाहीत. टीआयएसमध्ये `Business receipts` समोर सुनंदाताईंना ७ लाख दिसतात. तोच आकडा घेऊन रिटर्न भरलं तर पाच लाखांची उलाढाल लपवली असं होतं. एआयएसमध्ये नाही म्हणजे करमुक्त, असं अजिबात नाही. यूपीआयची एकेक जमा बँकेच्या उताऱ्यात आहेच. वहीतला १२ लाखांचा आकडाच बरोबर.

पायरी ४: व्याजाच्या नोंदी

व्याजाच्या चारही ओळी डोळे झाकून बेरजेला घेतल्या तर १,१६,२०० होतात. खरा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. कसा ते पाहू.

पहिल्या बँकेचे ४६,००० दोनदा दिसतात. बँकेने टीडीएस कापला म्हणून ते टीडीएस भागात आले, आणि व्याजाची वार्षिक माहिती दिली म्हणून एसएफटी भागातही आले. व्याज एकच आहे. टीआयएस बहुतेक वेळा अशी जोडी ओळखून एकदाच धरतं, पण दरवेळी धरेलच असं नाही. बँक तीच, रक्कम तीच, वर्ष तेच असेल तर बँकेचं व्याज प्रमाणपत्र काढा आणि त्याच्याशी ताडून पाहा. टीआयएसनेही दोनदा धरलं असेल, तर दुसऱ्या ओळीवर `Information is duplicate / included in other information` हा फीडबॅक द्या.

खात्यात जमा झालेले मात्र ४१,४०० आहेत, कारण ४,६०० टीडीएस गेला. रिटर्नमध्ये ४६,००० दाखवायचे. निव्वळ रक्कम दाखवणं ही खूप जणांकडून होणारी गडबड आहे.

तुमची एफडी संचयी असेल, म्हणजे सगळं व्याज शेवटीच मिळणारी, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पैसे हातात आले नाहीत तरी बँक दरवर्षी साठलेलं व्याज कळवते आणि त्यावर टीडीएसही कापते. म्हणून व्याज दरवर्षी दाखवत जा. पाच वर्षांचं एकदम शेवटी दाखवायला गेलात, तर मधली चार वर्षं एआयएस आणि रिटर्न जुळणार नाही, आणि दरवर्षीच्या टीडीएसचं क्रेडिटही अडकेल.

दुसऱ्या बँकेचे २१,००० कुठले? ती एफडी आईच्या पैशांची. बँकेत जाणं-येणं सोपं जावं म्हणून पहिलं नाव लेकीचं लावलं होतं. बँक पहिल्या नावाच्या पॅनवर व्याज कळवते. इथे प्रश्न नावाचा नाही, पैसे खरोखर कोणाचे याचा आहे. पैसे आईच्या खात्यातून गेले असतील आणि मुदत संपल्यावर आईलाच परत जाणार असतील, तर व्याज आईचं. मग त्या ओळीवर `Information relates to other PAN/Year` निवडून आईचा पॅन द्यायचा, आणि आईने ते व्याज स्वतःच्या उत्पन्नात धरायचं. पण आईने ते पैसे लेकीला कायमचे देऊन टाकले असतील, तर ते लेकीचे झाले आणि व्याजही लेकीचंच. तिथे हा फीडबॅक खोटा ठरेल. आईच्या खात्याचा उतारा हाताशी नसेल तर हा पर्याय वापरू नका. आणि पुढच्या खेपेला एफडीत पहिलं नाव आईचंच ठेवा, म्हणजे दरवर्षीची ही कटकट मिटेल.

म्हणजे सुनंदाताईंचं व्याज ४६,००० अधिक ३,२००, एकूण ₹४९,२००. नव्या करप्रणालीत बचत खात्याच्या व्याजावरची ८०टीटीए ची वजावट मिळत नाही, म्हणून ३,२०० पूर्ण धरायचे. मागच्या वर्षी आयकराचा परतावा व्याजासह आला असेल तर ते व्याजही उत्पन्नात येतं. परताव्याची मूळ रक्कम येत नाही.

पायरी ५: शेवटची बेरीज

- व्यवसायाचा नफा: ₹३,६०,०००
- व्याज: ₹४९,२००
- एकूण उत्पन्न: ₹४,०९,२००

त्या वर्षी नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ८७ए ची सवलत होती, त्यामुळे कर शून्य. मागायचा टीडीएस: कंपनीचा ६,००० आणि बँकेचा ४,६००, म्हणजे ₹१०,६०० परतावा. फर्मने दुरुस्ती केली तर आणखी १,८००. पुढच्या वर्षासाठी शिल्लक १,०००.

आता लक्षात आलं का, की एआयएसमधला एकही व्यवसायाचा आकडा जसाच्या तसा रिटर्नमध्ये गेला नाही? तरी प्रत्येक फरकाला कारण आहे आणि प्रत्येक कारणामागे कागद आहे. जुळवणी म्हणजे दोन्हीकडे तोच आकडा आणणं नव्हे. फरक का आहे हे एका ओळीत लिहिता येणं, ही जुळवणी.

फीडबॅक देताना

फीडबॅक दिला की टीआयएसमधला आकडा बदलून दिसतो. याचा अर्थ विभागाने तो मान्य केला असा नाही. माहिती ज्याने दिली त्याच्याकडे खात्रीसाठी ती जाऊ शकते, आणि त्याने 'माझी माहिती बरोबर आहे' म्हटलं तर तुमच्याकडे विचारणा येऊ शकते. म्हणून ॲडव्हान्ससारख्या खऱ्या नोंदीवर वाद घालू नका, तिचा हिशोब टीडीएस तक्त्यात होतो. आणि `Information is denied` हा पर्याय फक्त तो व्यवहार तुमचा नाहीच अशी खात्री असेल तेव्हाच निवडा.

फीडबॅक दिल्यावर पावती मिळते, ती जपून ठेवा. रिटर्न भरायच्या आदल्या दिवशी एआयएस पुन्हा एकदा काढून पाहा, कारण मधल्या काळात नव्या ओळी आलेल्या असू शकतात.

तुमच्यासाठी गृहपाठ

वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा: नोंद, एआयएसचा आकडा, माझ्या वहीचा आकडा, फरक, फरकाचं कारण आणि कागद. आपल्या एआयएसमधली प्रत्येक ओळ तिथे उतरवा. मग वहीत असलेलं पण एआयएसमध्ये नसलेलं सगळं खाली लिहा. शेवटचा रकाना जिथे रिकामा राहील, ती ओळ घेऊनच आपल्या सीएंकडे जा. त्यांचा आणि तुमचा वेळ त्याच ओळींवर खर्च व्हायला हवा.